धागा: ओसीआय कार्डधारकाची शेतजमीन: वारसाने मिळालेला हिस्सा, भावाचा हिस्सा आणि ‘फार्महाउस प्लॉट’

कृष्णाकाठची_लेक

नमस्कार. माझे माहेर सातारा जिल्ह्यातील एका गावी आहे. गेली अठरा वर्षे मी इंग्लंडमध्ये राहते. २०१२ साली मी ब्रिटिश नागरिकत्व घेतले आणि त्यानंतर ओसीआय कार्ड काढले. दोन वर्षांपूर्वी बाबा गेले. त्यांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेली २ हेक्टर ४० आर जिरायत जमीन मागे राहिली असून आई, धाकटा भाऊ आणि मी असे आम्ही तिघे वारस आहोत. बाबांनी मृत्युपत्र केलेले नव्हते.

वारस नोंदीसाठी भाऊ गेला असता, बहीण परदेशी नागरिक असल्याने तिचे नाव सातबाऱ्यावर लागणार नाही, असे त्याला तोंडी सांगण्यात आले. आता भावाला मुलाच्या शिक्षणासाठी पैशांची गरज आहे आणि तो त्याचा हिस्सा विकू इच्छितो. परक्याला देण्यापेक्षा तूच घे, म्हणजे जमीन घरातच राहील, असे त्याचे म्हणणे आहे, आणि खरे सांगायचे तर माझीही तीच इच्छा आहे, कारण त्या जमिनीतली विहीर बाबांनी स्वतः खणून घेतली होती. दरम्यान एका मध्यस्थाने गावाजवळच ११ गुंठ्यांचा ‘फार्महाउस प्लॉट’ सुचवला असून ओसीआय कार्डधारकाला तो घेता येतो, असे तो ठामपणे सांगतो. यातले काय करता येते आणि काय नाही, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

शेतकरीपुत्र_६१

ताई, तुमचे नाव वारसाने सातबाऱ्यावर लागले की तुम्ही शेतकरी ठरता, आणि महाराष्ट्रात शेतजमीन घेण्यासाठी तेवढीच अट आहे. कूळकायद्याचे कलम ६३ बिगरशेतकऱ्याला जमीन विकण्यास मनाई करते, शेतकऱ्याला नाही. माझा चुलतभाऊ अमेरिकन नागरिक आहे. चार वर्षांपूर्वी त्याने शेजारच्याची २० गुंठे जमीन घेतली, दस्त नोंदला गेला, फेरफारही मंजूर झाला. तेव्हा आधी वारस नोंद करून घ्या आणि नंतर भावाचा हिस्सा खुशाल खरेदी करा.

निवृत्त_दस्तकार

शेतकरीपुत्र यांनी कलम ६३ बद्दल लिहिलेले बरोबर आहे, परंतु ती दोन दारांपैकी एकाच दाराची किल्ली आहे. शेतजमीन कोणी घ्यावी हे राज्याचा कायदा ठरवतो. परदेशात राहणाऱ्याने भारतात कोणती मालमत्ता घ्यावी हे केंद्राचा परकीय चलन व्यवस्थापन कायदा, म्हणजे फेमा, ठरवतो. दोन्ही अटी एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात. ऑक्टोबर २०१९ मध्ये लागू झालेल्या फेमाच्या नियमांतील नियम २४ नुसार अनिवासी भारतीय आणि ओसीआय कार्डधारक यांना घर, दुकान, कार्यालय, अकृषिक भूखंड विकत घेता येतात. शेतजमीन, फार्महाउस आणि मळ्याची म्हणजे चहा-कॉफीसारख्या लागवडीची जमीन घेता येत नाही. गृह मंत्रालयाने ४ मार्च २०२१ रोजी ओसीआय कार्डधारकांच्या हक्कांबद्दल जी अधिसूचना काढली, तिच्यातही हेच तीन अपवाद आहेत. आपण शेतकरी आहात की नाही, याचा त्या मनाईशी काही संबंध नाही. साताऱ्यातल्या सात पिढ्यांच्या शेतकऱ्यालाही परदेशी गेल्यावर ती लागू होते.

या व्यवहारांत येण्याचे मार्ग तीन आहेत आणि त्यांची उत्तरे वेगवेगळी आहेत, हे आधी मनात पक्के करावे. खरेदीने शेतजमीन घेता येत नाही. बक्षीसपत्रानेही घेता येत नाही, मग देणारी सख्खी आई का असेना. वारसाने मात्र घेता येते; भारतात राहणाऱ्या व्यक्तीकडून वारसाने मिळणाऱ्या मालमत्तेच्या बाबतीत नियम शेतजमीन वगळत नाही. म्हणून आपल्या वडिलांच्या जमिनीत आपला हिस्सा पूर्णपणे कायदेशीर आहे. वडिलांची स्वकष्टार्जित जमीन आणि मृत्युपत्र नाही, म्हणजे हिंदू उत्तराधिकार कायद्याने आई, भाऊ आणि आपण यांना समान वाटा, प्रत्येकी ८० आर. नागरिकत्व बदलल्याने मुलीचा वारसाहक्क जात नाही.

नोंदीबाबत तोंडी नकार कधीही स्वीकारू नये. मृत्यू दाखला, वारसांचे प्रतिज्ञापत्र, आपल्या ओसीआय कार्डाची आणि पासपोर्टाची प्रत, आणि लग्नानंतर नाव बदलले असेल तर विवाह प्रमाणपत्र जोडून लेखी अर्ज करावा व पोच घ्यावी. मी पाहिलेल्या बहुतेक अडचणी नागरिकत्वामुळे आलेल्या नव्हत्या. जुन्या कागदांत माहेरचे नाव आणि पासपोर्टवर सासरचे नाव, या दोन व्यक्ती एकच आहेत हे कागदाने जोडलेले नसल्यामुळे त्या आलेल्या होत्या. मंडळ अधिकाऱ्याने फेरफार नामंजूर केला, तर तो आदेश लेखी मिळतो आणि त्यावर उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील करता येते. तोंडी नकारावर अपील करता येत नाही.

शेतकरीपुत्र_६१

मग माझ्या चुलतभावाचा दस्त नोंदला कसा गेला? दुय्यम निबंधकाने अडवले असते ना?

निवृत्त_दस्तकार

दुय्यम निबंधक मुद्रांक शुल्क, ओळख, साक्षीदार आणि सादर केलेले कागद पाहतो. खरेदीदार फेमाखाली पात्र आहे की नाही, याची चौकशी तो सहसा करत नाही. आपल्या चुलतभावाने पॅन कार्ड आणि जुन्या पत्त्याचा पुरावा दिला असेल, तर समोरचा मनुष्य परदेशी नागरिक आहे हे त्या टेबलावर कोणाला कळलेही नसेल. दस्त नोंदला गेला म्हणजे तो व्यवहार फेमाखाली वैध झाला, असा अर्थ होत नाही.

हे बाहेर येते ते विकताना. बँकेत पैसे जमा झाले आणि ते परदेशी पाठवायचे म्हटले की बँक पहिला प्रश्न विचारते की ही मालमत्ता कशी मिळवली. तेथे खरेदीखताची प्रत द्यावी लागते, त्यावर ‘शेतजमीन’ लिहिलेले असते आणि तेथेच सगळे थांबते. फेमाच्या कलम १३ खाली उल्लंघनाच्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो, आणि मालमत्ता जप्त करण्याचा अधिकारही त्याच कलमात आहे. रिझर्व्ह बँकेकडे अर्ज करून तडजोडीने रक्कम भरण्याचा मार्ग आहे, परंतु त्यासाठी सामान्यतः आधी चूक दुरुस्त करावी लागते, म्हणजे ती जमीन भारतात राहणाऱ्या पात्र व्यक्तीला देऊन मोकळे व्हावे लागते. आपल्या चुलतभावाने हे लवकर करावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

मीनल_डब्लिन

थोडा वेगळा प्रश्न आहे, क्षमस्व. माझे पती आयरिश आहेत, त्यांच्याकडे ओसीआय कार्ड नाही. आम्हाला पुण्यात दोघांच्या नावाने फ्लॅट घ्यायचा आहे. त्यांना मनाई आहे का?

निवृत्त_दस्तकार

फ्लॅटचा प्रश्न सोपा आहे. आपण अनिवासी भारतीय किंवा ओसीआय कार्डधारक असाल, तर परदेशी जोडीदारासोबत संयुक्त नावाने एक मालमत्ता घेता येते; विवाह नोंदणीकृत असावा आणि खरेदीच्या आधी सलग किमान दोन वर्षे टिकलेला असावा. पैसे परदेशातून बँकेमार्फत आलेले किंवा आपल्या अनिवासी खात्यातील असावेत. नोटा हातात देऊन व्यवहार करू नये. शेतजमीन येथेही वगळलेली आहे.

कृष्णाकाठची_लेक

दस्तकार काका, आपल्या उत्तराने माझ्या हिश्श्याबद्दलची काळजी मिटली, परंतु भावाबद्दलची वाढली. गावातल्या एका वकिलांनी असे सुचवले आहे की खरेदीखत करूच नये, भावाने माझ्या नावे हक्कसोडपत्र करून द्यावे. त्यांच्या मते आम्ही दोघेही एकाच वारसातले सहहिस्सेदार असल्यामुळे हक्क सोडणे म्हणजे विक्रीही नाही आणि बक्षीसही नाही. भावाला मी पैसे वेगळे पाठवीन. हे चालेल का?

ॲड_सुनंदा

मी दिवाणी बाजूने काम करते आणि अनिवासी कुटुंबांच्या वाटपाची बरीच प्रकरणे माझ्याकडे येतात, म्हणून येथे सविस्तर लिहिते.

हक्कसोडपत्र उलट्या दिशेने पूर्णपणे सुरक्षित आहे. आपण आपला ८० आर हिस्सा भावाला सोडून दिला, तर ओसीआय कार्डधारकाने भारतात राहणाऱ्या व्यक्तीला मालमत्ता हस्तांतरित केली, एवढेच घडते, आणि नियम त्याला परवानगी देतो. ते दस्त आपण लंडनहून कुलमुखत्यारपत्राने करू शकता. मुखत्यारपत्र भारतीय उच्चायुक्तालयात साक्षांकित करावे आणि ते महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक लावून घ्यावा. ही मुदत लोक विसरतात आणि ऐन नोंदणीच्या दिवशी अडकतात.

भावाकडून आपल्याकडे येणारे हक्कसोडपत्र मात्र निराळे आहे. वारसाने आपल्याला जे मिळाले ते वडिलांच्या मृत्यूच्या क्षणी ठरले, आणि ते ८० आर आहे. भावाचे ८० आर त्याच क्षणी त्याचे झाले. ते आपल्याकडे आले तर ते भावाकडून आले, वडिलांकडून नव्हे. मोबदला घेऊन आले तर ती अर्थाने खरेदी आहे आणि मोबदल्याशिवाय आले तर अर्थाने बक्षीस आहे, आणि शेतजमिनीच्या बाबतीत आपल्याला दोन्ही वर्ज्य आहेत. कागदाला हक्कसोड म्हटल्याने फेमाच्या दृष्टीने व्यवहार बदलतो, असे मला वाटत नाही. त्यातही भावाला ‘वेगळे’ पैसे पाठवणे हा तर स्वतःच्या हाताने तयार केलेला पुरावा ठरेल, कारण तारीख आणि रक्कम बँकेत कायमची राहते.

माझे काही सहकारी याच्याशी सहमत नाहीत, हेही सांगणे मला प्रामाणिकपणाचे वाटते. वाटपात प्रत्येक सहहिस्सेदार मुळापासूनच आपल्या वाट्याचा मालक असतो, वाटप हे हस्तांतरण नाही, आणि म्हणून वाटपपत्रात एखाद्याला थोडे अधिक क्षेत्र गेले तरी ते वारसाचाच भाग मानावे, अशी त्यांची मांडणी आहे. जमिनीच्या प्रतीतला फरक भरून काढण्यासाठी कोणाला ७५ आर चांगली जमीन आणि कोणाला ८५ आर मुरमाड जमीन गेली, तर मलाही ती मांडणी पटते. परंतु भावाचा संपूर्ण वाटा शून्य करून आपला दुप्पट करणे याला वाटप म्हणणे मला पटत नाही, आणि मी तसा दस्त तयार करून देणार नाही.

माळरान

मग आईने काय करावे? तिचाही ८० आर आहे. तिला तो लेकीला द्यायचा असेल तर?

ॲड_सुनंदा

चांगला प्रश्न आहे आणि सर्वाधिक चुका येथेच होतात. मुलगी सुट्टीला आली की आई प्रेमाने बक्षीसपत्र करते. शेतजमिनीचे बक्षीसपत्र ओसीआय मुलीला घेता येत नाही. तीच आई तोच हिस्सा मृत्युपत्राने तिला देऊ शकते, कारण मृत्युपत्राने मिळणारी मालमत्ता ही वारसाने मिळालेली मानली जाते. आईचे गावातले घर असेल तर त्याला ही अडचण नाही. जवळच्या नातलगाकडून घराचे बक्षीस घेता येते.

मात्र मृत्युपत्र हाही सर्वांसाठी उघडा दरवाजा नाही. गुजरातला लागू असलेल्या अशाच कूळकायद्याच्या कलम ६३ बद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली असे ठरवले की बिगरशेतकऱ्याच्या नावे शेतजमिनीचे मृत्युपत्र करून ती मनाई टाळता येत नाही. कृष्णाकाठच्या ताई वडिलांच्या वारसाने आधीच खातेदार होतील, म्हणून त्यांना याची भीती कमी आहे. ज्यांच्या नावावर काहीच जमीन नाही अशा परदेशस्थ भाच्याला मामा जमीन लिहून ठेवतात, त्यांनी मात्र आधी सल्ला घ्यावा. म्हणूनच ताईंची आजची वारस नोंद हे सर्वांत आधी करण्याचे काम आहे.

परतलेला_नाशिककर

मी २०१९ पासून ओसीआय कार्डावर नाशिकमध्येच राहतो, व्यवसायही येथेच आहे. फेमाच्या व्याख्येने मी भारतात निवास असलेली व्यक्ती आहे. मी वाचले त्याप्रमाणे २०१९ च्या नियमांत ओसीआय म्हणजे भारताबाहेर राहणारा कार्डधारक अशी व्याख्या आहे. मग ती मनाई मला लागूच होत नाही, असे मी धरून चालतो. वडिलांकडून मी शेतकरी आहे. ताईही दोन वर्षे भारतात येऊन राहिल्या तर प्रश्न सुटेल.

निवृत्त_दस्तकार

व्याख्येचे वाचन आपले बरोबर आहे. परंतु गृह मंत्रालयाची २०२१ ची अधिसूचना नागरिकत्व कायद्याखालची आहे. तिच्यात आर्थिक बाबतीत ओसीआय कार्डधारकाला अनिवासी भारतीयाएवढे हक्क दिले आहेत आणि शेतजमीन त्यातून वगळली आहे, आणि तेथे ‘भारताबाहेर राहणारा’ अशी मर्यादा मला दिसत नाही. जे हक्क तिच्यात किंवा रिझर्व्ह बँकेच्या अधिसूचनांत दिलेले नाहीत, त्या बाबतीत कार्डधारक हा परदेशी नागरिकच मानला जातो.

परतलेला_नाशिककर

अधिसूचना हक्क देते, ती स्वतः मनाई करत नाही. हक्क न देणे आणि मनाई करणे यात फरक आहे. मनाई फेमात आहे आणि फेमा निवासावर चालतो.

ॲड_सुनंदा

दोघांच्याही म्हणण्याला आधार आहे. माझ्या अशिलाने विचारले तर मी त्याला रिझर्व्ह बँकेकडून लेखी खुलासा घेतल्याशिवाय पैसे देऊ नका, असेच सांगते. जमिनीतले पैसे वर्षानुवर्षे अडकून राहतात, आणि वादात बरोबर ठरण्यासाठीसुद्धा दहा वर्षे लागू शकतात.

देशमुख_टोरांटो

माझे प्रकरण थोडे निराळे आहे. मी भारतीय नागरिक असताना आणि पुण्यात नोकरी करताना, १९९८ साली दौंड तालुक्यात शेतजमीन घेतली. २००९ मध्ये कॅनडाचा नागरिक झालो. ती मला विकावी लागेल का?

निवृत्त_दस्तकार

नाही. भारतात निवास असताना कायदेशीरपणे घेतलेली मालमत्ता पुढे परदेशी गेल्यावरही ठेवता येते. फेमाच्या कलम ६(५) मध्ये तशी स्पष्ट तरतूद आहे. १९९८ चे खरेदीखत आणि तेव्हाच्या निवासाचा पुरावा, म्हणजे नोकरीचे कागद किंवा जुना पासपोर्ट, जपून ठेवा. त्या जमिनीत भर म्हणून शेजारची पट्टी मात्र आता घेता येणार नाही. विकायची झाली तर ती भारतात राहणाऱ्या व्यक्तीलाच, आणि महाराष्ट्रात त्यातही शेतकऱ्यालाच. दुसऱ्या ओसीआय मित्राला ती विकता येत नाही.

ताईंच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर राहिले होते. फार्महाउस हा शब्दच नियमात मनाईच्या यादीत आहे. मध्यस्थ म्हणतो त्या ११ गुंठ्यांचा उतारा मागवा. सातबाऱ्यावर पिकांची नोंद, इतर हक्कात अनेकांची नावे आणि एकाच गटाचे सामाईक क्षेत्र दिसले, तर ती शेतजमीनच आहे, मग कुंपण, रस्ता आणि फाटकावरची पाटी कितीही देखणी असो. ‘हा भाग रहिवासी विभागात येतो’ हे वाक्य वारंवार ऐकू येईल. विकास आराखड्यातला विभाग आणि जमिनीचा अकृषिक वापर या दोन गोष्टी आहेत. पहिली गोष्ट पुढे काय होऊ शकते ते सांगते, दुसरी आज काय आहे ते. महसूल दप्तरात त्या विशिष्ट भूखंडाचा वापर अकृषिक झाल्याचा कागद आणि मंजूर रेखांकन हे दोन्ही विकणाऱ्याने दाखवले, तर तो भूखंड आपण घेऊ शकता. अकृषिक परवानगीची पद्धत राज्याने गेल्या काही वर्षांत वारंवार बदलली आहे, म्हणून शेजारच्याच्या कागदावरून आपला निष्कर्ष काढू नये.

कृष्णाकाठची_लेक

खूप आभार. प्लॉटचा विषय मी सोडून दिला आहे. मध्यस्थाकडे अकृषिक आदेशाची प्रत मागितली, तेव्हापासून त्याचा फोन येत नाही.

आता शेवटचा प्रश्न. मी माझ्या भाच्याच्या शिक्षणासाठी भावाला पैसे भेट म्हणून बँकेतून पाठवले आणि त्याने जमीन विकलीच नाही, तर त्यात काही गैर आहे का? आणि दुसरा पर्याय आई सुचवते की पैसे तिला दे, ती भावाचा हिस्सा विकत घेईल आणि मृत्युपत्र माझ्या नावे करील.

ॲड_सुनंदा

पहिला पर्याय स्वच्छ आहे. बहिणीने भावाला बँकेमार्फत पैसे देणे यात अडचण नाही. मात्र त्याच्या पोटात जमिनीचा कोणताही करार नको. ‘पुढे तुझ्या नावावर करीन’ असे व्हॉट्सॲपवरसुद्धा लिहून घेऊ नका.

दुसऱ्या पर्यायाबद्दल मी सावध आहे. एकाने पैसे द्यायचे, जमीन दुसऱ्याच्या नावे घ्यायची आणि लाभ पहिल्याला मिळायचा, याला बेनामी व्यवहार म्हणतात. २०१६ च्या दुरुस्तीनंतर त्याची शिक्षा सात वर्षांच्या कारावासापर्यंत आहे आणि मालमत्ताही जप्त होते. आई-वडिलांच्या नावे घेतलेल्या मालमत्तेला जी सवलत आहे, ती दोघांचीही नावे कागदावर संयुक्त मालक म्हणून असतील तरच मिळते, आणि शेतजमिनीवर खरेदीदार म्हणून आपले नाव येऊच शकत नाही.

माळरान

पण आईने भेट मिळालेल्या पैशांतून स्वतःसाठी जमीन घेतली, स्वतः कसली, उत्पन्न स्वतः घेतले, तर ती आईचीच ना? मृत्युपत्र तर ती केव्हाही बदलू शकते.

ॲड_सुनंदा

खरोखर तसे असेल तर आईचीच. हेतू काय होता हे नंतर कागदांवरून आणि वागण्यावरून पाहिले जाते, आणि येथे तर हेतू या धाग्यावरच लिहिलेला आहे. म्हणून मी ताईंना हा मार्ग सुचवणार नाही. दुसरा वकील सुचवू शकेल.

निवृत्त_दस्तकार

एक व्यावहारिक गोष्ट जोडतो. आपला ८० आर हिस्सा पुढे कधी विकलात, तर पैसे आपल्या एनआरओ खात्यात येतील आणि तेथून एका आर्थिक वर्षात १० लाख डॉलरपर्यंत परदेशी नेता येतील. त्या वेळी बँक वडिलांचा मृत्यू दाखला, वारसाचा फेरफार, विक्रीखत आणि कर भरल्याचे सनदी लेखापालाचे प्रमाणपत्र मागते. आजचा फेरफार नीट झाला असेल, तर तो कागद तेव्हा एका दिवसात मिळतो.

कृष्णाकाठची_लेक

भावाशी काल बोलले. तो तूर्त जमीन विकणार नाही आणि भाच्याच्या शुल्काचा पहिला हप्ता मी थेट महाविद्यालयाला भरणार आहे. वारस नोंदीचा लेखी अर्ज विवाह प्रमाणपत्रासह सोमवारी दाखल होईल. नकार आला तर त्या आदेशाचा मजकूर येथे लिहीन. नाशिककरांनी रिझर्व्ह बँकेला पत्र लिहिले तर उत्तर येथे अवश्य द्यावे, कारण निवृत्तीनंतर मलाही परतायचे आहे.